मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालू आहे, मग श्वास कुणाचा ऐकू येतोय?

गणपती जवळ आले की पेणच्या कारखान्यांतले व्हिडिओ फोनवर यायला लागतात. त्यात सगळ्यात जास्त बघितला जाणारा भाग म्हणजे डोळ्यांची आखणी. कारागीर बारीक ब्रश घेऊन बसलेला, कारखान्यात कुणी बोलत नाही, पंखासुद्धा बंद, कारण वाऱ्याने हात हलायला नको. आता असे व्हिडिओ एकदा हेडफोन लावून ऐका. बऱ्याच व्हिडिओंत ब्रशचा आवाज नसतोच, त्याऐवजी फूं... फूं... असा कुणाचातरी श्वास येतो आणि मधूनच धप्प, धप्प.

माझंही हेच झालं होतं. पेणच्या एका कारखान्यात मी हातात कॅमेरा धरून आखणी शूट केली, माइक कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावलेला होता, आणि तिथे उभा असताना मला काहीच खटकलं नाही. रात्री तिथल्याच काकांना क्लिप दाखवली तर ते म्हणाले, "अरे, आखताना आम्ही श्वास धरतो. मग हा श्वास कुणाचा?" तो माझा होता. साडेतीन मिनिटांची आखणी, परत मिळणार नाही अशी, आणि तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत माझं नाक. त्यानंतर हे नक्की कशाने होतं ते मी नीट शोधलं, माइक फिरवून फिरवून बघितलं. फोन नाहीतर कॅमेरा घेऊन घरातलं, देवळातलं, शेतातलं काही शांत शूट करणाऱ्या सगळ्यांना हा त्रास होतो, म्हणून सगळं मांडून लिहितोय.

तिथे असताना ऐकू का आलं नाही?

आपला श्वास आपल्याला दिवसभर ऐकू येत असतो, पण मेंदू तो बाजूला टाकतो, घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक टाकतो तसाच. माइकला ही निवड करता येत नाही. त्याच्यापर्यंत जे जितक्या जोरात पोचेल ते तितक्या जोरात तो लिहून घेतो, विषय संपला. म्हणून पहिली सवय ही, की शूट करताना हेडफोन कानाला हवाच. कॅमेऱ्याला हेडफोनचं भोक नसेल तर वीस सेकंदांची चाचणी रेकॉर्ड करून जागेवरच ऐकायची, घरी जाऊन नाही.

अंतराचं साधं गणित

खरं दुखणं अंतरात आहे. आवाज जिथून निघतो तिथून दुप्पट लांब गेलात की त्याचा जोर साधारण अर्धा होतो. आवाजाची माणसं हे डेसिबलमध्ये मोजतात. डेसिबल म्हणजे दोन आवाजांच्या जोरातला फरक सांगायचं माप, आणि निम्मा जोर म्हणजे 6 डेसिबल कमी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता माझ्या त्या शूटमध्ये काय होतं बघा. मूर्तीचा डोळा माइकपासून सुमारे 160 सेंटिमीटर लांब, आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावल्यामुळे माझं नाक माइकपासून जेमतेम 20 सेंटिमीटरवर. म्हणजे माझं नाक ब्रशपेक्षा आठपट जवळ. आठपट म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणजे 18 डेसिबल. ब्रश आणि श्वास मुळात सारख्याच जोराचे असते तरी रेकॉर्डिंगमध्ये श्वास 18 डेसिबलने पुढे राहिला असता, आणि इथे तर ब्रशचा आवाज श्वासापेक्षा कितीतरी नाजूक. पाच हजाराचा माइक काढून पन्नास हजाराचा लावला तरी हे गणित हलत नाही, तो माइक माझं नाक फक्त जास्त छान रेकॉर्ड करेल.

शांततेतच जास्त का? ऑटो गेनमुळे

गेन म्हणजे माइककडून आलेला आवाज कॅमेरा किती वाढवून घेतो ते. ऑटो गेन चालू असेल तर कॅमेरा स्वतःच ठरवतो, मोठा आवाज आला की कमी करायचा, शांत झालं की वाढवायचा. बाजारात, लग्नात हे चालून जातं. पण शांत सीनमध्ये कॅमेरा जणू "काही ऐकू येत नाहीये" म्हणून आवाज वाढवत वाढवत नेतो आणि मग जे सगळ्यात जवळ आहे तेच वर येतं, म्हणजे तुम्ही.

हे ओळखायची खूण सोपी आहे. कुणीतरी एक वाक्य बोलतं, थांबतं, आणि थांबल्यावर लगेच नाही तर एकदोन सेकंदांत पाठीमागचा सूं आवाज आणि श्वास हळूहळू चढत जातो, परत कुणी बोललं की एकदम खाली पडतो. असं चढउतार ऐकू आलं की ऑटो गेन चालू आहे असं धरा. मेनूत जाऊन गेन मॅन्युअल करा, समोरच्याला नेहमीसारखं बोलायला सांगा आणि त्याचं बोलणं आवाजाच्या मीटरवर जास्तीत जास्त उणे 12 डेसिबलच्या आसपास जाईल असं ठेवून द्या, मग हात लावू नका. यानं श्वास जात नाही हं, तो फक्त फुगायचा थांबतो. आणि ब्रशसारखा अगदी बारीक आवाज हवा म्हणून गेन खूप वर नेलात तर कॅमेऱ्याची स्वतःची सरसर ऐकू यायला लागते, म्हणजे परत गोष्ट अंतरावरच येते.

माइकचं तोंड पुढे आहे, मग मागचा आवाज घेतोच कशाला?

हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय, आणि मलाही आधी तसंच वाटायचं, की लांबट शॉटगन माइक म्हणजे टॉर्चसारखा, जिकडे रोखला तिकडचंच घेणार. तसं नसतं. एका बाजूला पत्रा लावलेला कंदील आठवा, उजेड पुढे जास्त पडतो पण मागे अगदी काळोख नसतो. माइकचंही तसंच.

शॉटगनच्या नळीला बाजूने फटी असतात, त्यांच्यामुळे बाजूने येणारा आवाज कमी होतो, पण ही करामत चालते ती मुख्यतः नळीच्या लांबीपेक्षा आखूड लाटांच्या, म्हणजे वरच्या सुरातल्या आवाजांवर. कॅमेऱ्यावर बसणारी नळी 15 सेंटिमीटरच्या आसपास असेल तर साधारण 2000 हर्ट्झच्या वरच ती नीट काम करते. त्याखालचा फूंकारा तिला फारसा अडवता येत नाही, तिथे आतल्या कॅप्सूलचा, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागाचा, स्वभाव चालतो. आणि या माइकांमधली कॅप्सूल बऱ्याचदा अशी असते की तिची सगळ्यात बहिरी जागा थेट पाठीमागे नसतेच. थेट मागे ती थोडं ऐकते, आणि सगळ्यात कमी ऐकते ती मागच्या सरळ रेषेपासून साधारण 55 अंश बाजूला किंवा वर. म्हणजे व्ह्यूफाइंडरला डोळा लावून आपण बरोब्बर तिथे तोंड नेतो जिथे माइकला परत ऐकू यायला लागतं! साधा कार्डिऑइड माइक असेल तर मात्र उलटं, त्याची बहिरी जागा थेट पाठीमागेच असते.

तुमचा कुठला आहे ते माहितीपत्रक न वाचताही कळतं. कॅमेरा स्टँडवर ठेवा, हेडफोन घाला, गेन मॅन्युअल. घरातल्या कुणालातरी माइकपासून हातभर अंतर सांभाळून एकसारखा "फूं" करत थेट मागून हळूहळू बाजूला यायला सांगा, मग तसंच मागून वर. एका ठिकाणी आवाज खास पडतो. ती जागा लक्षात ठेवा, शूट करताना तुमचं तोंड तिथे असायला हवं.

याचा हाताशी येणारा उपयोग असा. कॅमेरा डोळ्याला लावायच्या ऐवजी पोटाशी धरा, स्क्रीन वर वळवा आणि वरून खाली बघत शूट करा. तोंड माइकपासून अर्धा मीटर लांब जातं, म्हणजे 20 चं 50 झालं, एवढ्यानेच 8 डेसिबल कमी, आणि वर तोंड मागून वरच्या बाजूला, म्हणजे त्या बहिऱ्या जागेच्या आसपास येतं. एक पैसा खर्च नाही. बसलेल्या माणसाचं शूट असेल तर चौकटसुद्धा त्याच्या नजरेच्या उंचीची मिळते. मर्यादा सांगायला हवी, की पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर रिकाम्या खोलीत तुमचा श्वास भिंतीवर आपटून माइकच्या पुढूनही येतो, तिथे बहिऱ्या जागेचा फायदा कमी मिळतो.

पावलं दोन वाटांनी येतात

श्वास हवेतून येतो. पावलं हवेतूनही येतात आणि तुमच्या अंगातूनही. टाच जमिनीवर आपटली की हादरा गुडघा, कंबर, खांदा, हात असा चढत कॅमेऱ्यात जातो आणि तिथून माइकमध्ये. दोघांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून आधी कुठली वाट आहे ते बघायचं. कॅमेरा स्टँडवर ठेवून त्याच्या शेजारी चाला आणि रेकॉर्ड करा, यात जे आलं ते हवेतून. मग कॅमेरा हातात घेऊन जागच्या जागी पावलं टाका. यात नवीन जे आलं, बहुतेक तो खालच्या सुरातला धप्प असणार, ते अंगातून.

धप्पसाठी माइकखाली रबराचा झुला हवा, ज्याला शॉक माउंट म्हणतात. माइक रबरावर टांगलेला असला की कॅमेऱ्याचा हादरा रबरात विरतो. पण एक चूक फार वेळा दिसते, माइक झुल्यावर आणि त्याची वायर ताठ ओढून कॅमेऱ्यात खुपसलेली. मग हादरा रबर सोडून वायरीतून जातो. वायरीला सैल वळसा ठेवा आणि ती कॅमेऱ्याच्या बॉडीला घासत नाही ना ते बघा.

दुसरं म्हणजे माइकवरचं लो कट बटण. ते ठरावीक सुराच्या खालचा आवाज कापतं, बऱ्याच माइकवर 75 किंवा 80 हर्ट्झ आणि काहींवर 150 असतं. पावलाच्या हादऱ्याचा बराचसा भाग तिथे खालीच असतो. माणूस बोलणार असेल तर 80 वर ठेवा, 150 वर पुरुषाचा आवाज पातळ वाटायला लागतो, पण नुसता ब्रश किंवा पक्षी असेल तर 150 खुशाल चालतं. हे एडिटिंगमध्येही करता येतं, खरं आहे, पण हादरा इतका मोठा असला की आवाज रेकॉर्ड होतानाच फाटला, तर नंतर तो शिवता येत नाही. म्हणून शक्यतो माइकवरच कापा. आणि श्वासासाठी या बटणाकडून आशा ठेवू नका, श्वासाचा फूंकारा माणसाच्या बोलण्याच्याच पट्ट्यात पसरलेला असतो, तो कापायला गेलात तर बोलणंही कापलं जाईल.

हवेतून येणाऱ्या पावलांना मात्र पायच सुधारावे लागतात. चपला बाहेर काढा. कारखान्यात जमिनीवर प्लास्टरची नाहीतर शाडूची कचकच असते, बूट घातलेत तर प्रत्येक पावलाला कर्र. मी जाड सुती मोजे घालतो आणि ज्या वाटेने फिरायचं ती आधी झाडून घेतो. डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन येणारी बाई कशी चालते ते आठवा, गुडघे जरा वाकलेले, कंबरेच्या वर काहीच हलत नाही, आणि पाऊल आधी टेकतं, वजन नंतर येतं. अगदी तसंच. जुन्या घराच्या माडीवर लाकडी फळ्या असतील तर भिंतीच्या कडेने चाला, तिथे फळीला टेकू असतो, मधोमध ती करकरते. खिशातली किल्ली, सुट्टे पैसे बाहेर, विंडचीटर नको, सुती शर्ट बरा.

श्वास रोखून धरला तर?

दहा सेकंदांच्या शॉटला चालेल. त्याहून मोठ्याला नाही, कारण रोखलेला श्वास सोडताना जो हुश्श निघतो तो आधीच्या दहा श्वासांपेक्षा मोठा असतो, आणि त्याआधी हात थरथरायला लागतात. त्यापेक्षा तोंड सैल, ओठ जरासे उघडे ठेवून सावकाश श्वास घ्या. नाकाच्या अरुंद वाटेने हवा घासत जाते तेव्हा आवाज होतो, मोठ्या वाटेने सावकाश गेली की कमी होतो. सर्दी झालेली असेल तर हा फरक फारच जाणवतो. जिना चढून आल्या आल्या रेकॉर्ड दाबू नका, दोनतीन मिनिटं बसा.

केसाळ कव्हर लावलं की झालं ना?

नाही. ते फरचं कव्हर वाऱ्यासाठी आहे. हवेचा झोत माइकच्या पडद्यावर आदळतो तो ते अडवतं. तुमच्या श्वासाचा झोत थेट माइकवर जात असेल, म्हणजे फडफड किंवा घूंघूं असं काही येत असेल, तर थोडा फायदा होईल. पण श्वासाचा जो आवाज आहे तो त्या केसांतून सहज आत जातो, ब्रशचा जातो तसाच. श्वास आत जाऊ न देणारं कव्हर असतं तर ब्रशचा आवाजही बाहेरच राहिला असता.

लेपल माइक का नाही लावत?

बोलणारा माणूस असेल तर हा कपड्याला अडकवायचा छोटा माइक जरूर लावा, तोच सगळ्यात सोपा मार्ग आहे. पण आखणी करणाऱ्या काकांच्या छातीवर माइक लावला तर मला त्यांचा श्वास मिळेल आणि शर्टाची खसखस, ब्रश नाही. पक्ष्याच्या घरट्याला, झोपलेल्या बाळाला, देवघरात जप करणाऱ्या आजीला लेपल लावता येत नाही. तिथे कॅमेऱ्यावरचाच माइक काढून एका छोट्या स्टँडवर आवाजाच्या जवळ नेऊन ठेवायचा आणि लांब वायरने कॅमेऱ्याला जोडायचा. तीन मीटरची वाढीव वायर काही फार महाग नसते. फक्त कॅमेऱ्याला कॅमेऱ्याची वायर घ्या, फोनला फोनची, दोघांच्या पिनेवरचे पट्टे वेगळे असतात आणि चुकीची घेतली तर बऱ्याचदा आवाजच येत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये निघत नाही का?

पंख्याची घरघर निघते, कारण ती एकसारखी असते आणि सॉफ्टवेअरला नमुना मिळतो. श्वास दर वेळी वेगळा, चढतो, उतरतो, आणि नेमका बारीक आवाजांवर बसलेला असतो. जोर लावून काढायला गेलं की बाकीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडा होतो. शांत सीनमध्ये लपवायला मागे दुसरं काही नसतं, म्हणून हे लगेच कळतं.

जे खरंच काम करतं ते जुनं आहे. शूटच्या जागी कॅमेरा तसाच चालू ठेवून, गेनला हात न लावता, तुम्ही स्वतः बाहेर निघून जा आणि 40 सेकंद त्या जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात. मग एडिटिंगमध्ये जिथे ब्रशच्या दोन फटकाऱ्यांमध्ये श्वास आलाय तेवढा तुकडा कापून त्या जागी ही शांतता जोडायची, दोन्ही टोकांना अगदी छोटा फेड देऊन, म्हणजे आवाज हळूच एकमेकांत मिसळून. नुसतं म्यूट केलं तर तिथे कानाला खड्डा पडल्यासारखं वाटतं, रूम टोन टाकला की कळत नाही. श्वास ब्रशच्या बरोबर वरच असेल तर मात्र याने काही होत नाही.

दुसऱ्यांदा पेणला

पुढच्या मोसमात मी त्याच काकांकडे परत गेलो. या वेळी माइक कॅमेऱ्यावरून उतरवला आणि एका बुटक्या स्टँडवर मूर्तीच्या खांद्याच्या बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर, ब्रशपासून 40 सेंटिमीटरवर ठेवला. काकांचा हात तिथे लागत नाही ना हे त्यांच्याकडूनच दोनदा बघून घेतलं. मी कॅमेरा घेऊन माइकपासून 160 सेंटिमीटरवर. आधी माझं नाक ब्रशपेक्षा आठपट जवळ होतं, आता ब्रश माझ्यापेक्षा चारपट जवळ. 18 डेसिबल माझ्या विरुद्ध होते त्याचे 12 माझ्या बाजूने झाले, म्हणजे कागदावर 30 डेसिबलचा फरक. वर पत्र्याचं छत होतं, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढा मिळाला नसणार, पण हेडफोनमध्ये माझा श्वास शोधावा लागत होता.

फिरणं मी वेगळं काढलं. डोळ्यांची रेघ चालू असताना अजिबात हललो नाही. काकांनी ब्रश पुसायला घेतला, पाणी बदलायला उठले, तेव्हाच जागा बदलली, कारण तेवढ्या वेळात त्यांचाच आवाज असतो. मूर्तीभोवती फिरणारे शॉट नंतर घेतले, त्यांचा आवाज टाकून दिला आणि स्थिर शॉटमधला आवाज त्यांच्याखाली सरकवला. शेवटी सगळ्यांना बाहेर काढून 40 सेकंदांचा रूम टोन.

एका जागी माझा गुडघा कडकन वाजला होता, अर्धा सेकंद, तो रूम टोनने बुजवला. बाकी सगळं जसं होतं तसं ठेवलंय. वाटीच्या काठावर ब्रश निथळल्याचा टक्, मग बराच वेळ काही नाही, मग कोरड्या रंगावर केस घासत गेल्याची एक लांब, अगदी बारीक सरसर, आणि ती संपल्यावर काकांनी सोडलेला श्वास.